सात पाण्यांचा धडा

पंधराव्या शतकातल्या कैरोच्या कुठल्याही आलिमाचं, म्हणजे धर्मविद्वानाचं, चरित्र उघडलं, तर सुरुवातीच्या ओळी ठरलेल्या असतात. जन्म, मग कुराण पाठ, मग पुस्तकांची एक यादी, आणि ती पुस्तकं कोणाकोणासमोर म्हणून दाखवली त्यांची नावं. जलालुद्दीन सुयूती (1445-1505) स्वतःबद्दल लिहितो की आठ वर्षं पूर्ण व्हायच्या आत कुराण पाठ झालं. त्यानंतर हदीसचं 'उम्दा', फिक्हमधलं, म्हणजे धर्मकायद्यातलं, नवावीचं 'मिन्हाज', फिक्हच्या सिद्धांतांवरचं बैदावीचं 'मिन्हाज' आणि व्याकरणातली इब्न मालिकची 'अल्फिया'. त्याच्या आधीच्या पिढीतल्या इब्न हजर अस्कलानीच्या (1372-1449) यादीतही 'उम्दा' आहे, फक्त नवावीच्या जागी 'अल-हावी अस-सगीर' आणि 'अल्फिया'च्या जागी हरीरीची 'मुल्हा'. अमुक मदरशाच्या अमुक इयत्तेत होता, असं कुठेच सापडत नाही. इयत्ता नावाची गोष्टच नव्हती. माणूस किती शिकला हे पुस्तकांवरून कळायचं आणि पुस्तकं कोणाकडून घेतली यावरून त्याची किंमत ठरायची.

मी इतिहासाचा विद्यार्थी. मामलुक काळातली अशी चरित्रं कामासाठी भरपूर वाचली होती, पण 'मिन्हाज पाठ केलं' या तीन शब्दांत नेमकं काय घडत असेल याचा मला पत्ता नव्हता. मूळचा मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठचा. धर्मकायद्याच्या मजहबांमध्ये, म्हणजे विचारशाळांमध्ये, उत्तरेकडचे मुसलमान बहुतेक हनफी, पण आम्ही कोकणी मुसलमान शाफई. माहीमचे मखदूम अली (1372-1431) शाफईच होते आणि मलबारचा किनाराही शाफईच. म्हणजे नवावीचं 'मिन्हाज' ज्या शाळेचं पुस्तक, ती शाळा आमच्या गावच्या मशिदीत अजून नावाला का होईना, शिल्लक होती. तरुणपणी मलबारमध्ये मशिदीतल्या दर्समध्ये राहून शिकलेले एक उस्ताद गावात होते. त्यांना म्हटलं, मला फार नको, तहारतचं, म्हणजे शुद्धतेचं प्रकरण तेवढं जुन्या क्रमाने शिकवा. आधी लहान पुस्तक, मग मधलं, मग मोठं.

"तहारतच का?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, सगळ्या पुस्तकांची सुरुवात तिथूनच होते.

"मग सुरुवातीलाच बस. आणि पुस्तक बंद करून बसायचं आहे, एवढं लक्षात ठेव."

पुस्तक उघडण्याआधी त्या शाळेचा थोडा वंशवृक्ष सांगायला हवा, कारण शिकण्याचा क्रम त्यातूनच आला आहे. वजीर निजामुल्मुल्कने बगदादमध्ये बांधलेला मदरसा 1067 साली सुरू झाला. तो एकाच मजहबसाठी, शाफईंसाठी होता, आणि त्याच्या गादीवर बसवले गेले अबू इसहाक शिराझी. त्यांनी आधी नकार दिला. जागा बळकावलेली आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. वीस दिवस दुसऱ्याच माणसाने शिकवलं आणि मग ते आले. या अबू इसहाकांची दोन पुस्तकं, छोटं 'तंबीह' आणि मोठं 'मुहज्जब', पुढची दोन शतकं शाफई विद्यार्थ्याच्या हातात राहिली. त्याच गादीवर 1091 ते 1095 या काळात गझाली होते. त्यांनी एकाच विषयाची तीन मापं शिवून ठेवली: 'बसीत' मोठं, 'वसीत' मधलं, 'वजीज' आखूड. पुढे राफिईंनी (मृत्यू 1226) 'वजीज'वर प्रचंड टीका लिहिली आणि वेगळं 'मुहर्रर' नावाचं पुस्तकही लिहिलं. दमास्कसच्या नवावीने 'मुहर्रर' आटवून 'मिन्हाज' केलं. आटवायचं, त्यावर टीका लिहायची, टीका पुन्हा आटवायची, असं हे चक्र चालूच राहिलं. संस्कृत व्याकरणात लघुकौमुदीवरून सिद्धांतकौमुदीकडे गेलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

आमचं पहिलं पुस्तक मात्र अबू शुजाचं होतं. अगदी छोटं, पाण्यापासून सुरू होऊन गुलाम मुक्त करण्याच्या प्रकरणावर संपणारं. मध्ये नमाज, जकात, रोजा, हज, खरेदी-विक्री, वारसा, लग्न, गुन्हे, शिकार, शपथा, न्यायदान सगळं येतं. लेखक प्रस्तावनेत सांगतो की मित्रांनी मागितलं म्हणून लिहिलं, शक्य तितकं आखूड, शिकणाऱ्याला सोपं जावं आणि नवख्याला पाठ करता यावं असं. म्हणून प्रकार पाडले आहेत आणि गोष्टी मोजून दिल्या आहेत. मोजून दिल्या आहेत याचा अर्थ पहिल्याच ओळीत कळतो. ज्या पाण्याने शुद्धी करता येते ती पाणी सात: आकाशाचं, समुद्राचं, नदीचं, विहिरीचं, झऱ्याचं, बर्फाचं आणि गारांचं. त्यानंतर लगेच पाण्याचे चार प्रकार. पुढे वजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याची, फर्ज म्हणजे सक्तीची कृत्यं सहा, सुन्नती म्हणजे केलेली बरी अशी दहा. आकडा आधी सांगितला की म्हणताना एखादं सुटलं तर आपलं आपल्यालाच कळतं. बोटं दुमडत जायची, सातवं बोट उरलं तर काहीतरी राहिलं. मला समुद्र आणि नदी लगेच यायचे, गारा हमखास मागे राहायच्या.

पण पाठ करण्याआधी एक काम होतं, आणि उस्तादांनी ते सगळ्यात जास्त वेळ घेऊन करवलं. मी पुस्तक मोठ्याने वाचायचं, त्यांनी ऐकायचं. अर्थ नाही, चर्चा नाही, फक्त स्वरचिन्हं. शब्दाच्या शेवटी उ की अ की इ, एवढंच. दमास्कस आणि कैरोत काजी राहिलेले बद्रुद्दीन इब्न जमाआ (1241-1333) विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात हेच बजावतात: आधी शिक्षकापुढे किंवा जाणकारापुढे मजकूर नीट शुद्ध करून घे, मगच पाठ कर. हस्तलिखिताच्या काळात हे अटळ होतं. चुकीची प्रत पाठ झाली की ती चूक आयुष्यभर तोंडात बसते. आमच्याकडे छापील प्रत होती, तरी उस्तादांनी ही पायरी ओलांडू दिली नाही. त्यांच्या लेखी छापखाना हा आणखी एक नकलनवीस, आणि फारसा काळजीपूर्वक नसलेला.

इथेच व्याकरण आलं. शेवटचा स्वर कोणता हे ठरवायला नह्व लागतो, म्हणून फिक्हचं पहिलं पुस्तक आणि व्याकरणाचं पहिलं पुस्तक जोडीने चालायचं. ते म्हणजे मोरोक्कोच्या इब्न आजुर्रूमची (मृत्यू 1323) 'आजुर्रूमिया', काही पानांची. त्यानंतर इब्न हिशामचं (मृत्यू 1360) 'कत्र-उन-नदा' आणि मग इब्न मालिकची हजार ओळींची 'अल्फिया'. माझं अरबी विद्यापीठातलं होतं. वाचता यायचं, पण मोठ्याने वाचताना शेवट गिळायची सवय होती. ती सवय उस्तादांनी मोडली, कारण त्यांच्या मते शेवट गिळणारा विद्यार्थी कर्ता कोण आणि कर्म कोण हे लपवत असतो.

पाठ कधी करायचं याबद्दलही इब्न जमाआंचं वेळापत्रक आहे: पाठांतराला पहाटेच्या आधीची वेळ, चर्चेला सकाळ, लिहायला दुपार, वाचन आणि उजळणीला रात्र. पाठांतराची जागा वरच्या मजल्यावर असावी, हिरवळ आणि वाहतं पाणी दिसेल अशी नको. हे वाचून मला हसू आलं, कारण खाडीकाठच्या मशिदीत हिरवळ आणि पाणी सोडून दिसण्यासारखं दुसरं काही नाही. उस्ताद म्हणाले, भिंतीकडे तोंड कर.

सकाळी धडा झाला की उस्ताद उठून जायचे आणि त्यांचा जुना विद्यार्थी, पंचविशीतला एक मुलगा, तोच धडा आमच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायचा. माझ्यासोबत गावातली दोन शाळकरी मुलंही होती. मला वाटलं, उस्तादांचं वय झालंय म्हणून ही सोय. तशी ती नव्हती. जुन्या मदरशांच्या वक्फनाम्यांत मुदर्रिसबरोबर मुईद नावाचं पगारी पद असे, त्याचं काम हेच: शिक्षक गेल्यावर धडा परत करून घेणं. आणि मुईद होणं ही विद्यार्थ्याच्या बढतीची पहिली ठळक खूण. पदवी नाही, वेगळा वर्ग नाही, पण ज्याने धडा दुसऱ्यांकडून म्हणवून घेतला त्याचं स्वतःचं किती पक्कं झालं हे सगळ्यांना दिसतं. आमच्या त्या मुलाने एकदा चार प्रकारांतला तिसरा आणि चौथा उलटा म्हटला. शाळकरी पोरांनी तिथल्या तिथे त्याला पकडलं. दुसऱ्या दिवशी तो पोरांच्या आधी येऊन बसला होता.

पहिल्या फेरीत प्रश्न विचारायला बंदी होती. मी विचारले, तर उस्ताद हात वर करायचे. अबू शुजाच्या चार प्रकारांत दुसरा आहे: शुद्ध, शुद्ध करणारं, पण नापसंत, म्हणजे उन्हाने तापलेलं पाणी. का नापसंत? "पुढच्या पुस्तकात." चौथा प्रकार अशुद्ध पाणी. दोन कुल्ल्यांपेक्षा, म्हणजे दोन मोठ्या रांजणांपेक्षा, कमी पाण्यात घाण पडली की ते अशुद्ध. दोन कुल्ले किंवा जास्त असेल तर रंग, चव किंवा वास बदलला तरच अशुद्ध. दोन कुल्ले म्हणजे वजनाने बगदादी पाचशे रत्ल, 'जास्त बरोबर मतानुसार अंदाजे'. जास्त बरोबर मत म्हणजे कोणाचं? कमी बरोबर मत कोणतं? "पुढच्या पुस्तकात." मला हा छळ वाटायचा. इब्न खल्दूनने (1332-1406) मात्र 'मुकद्दिमा'त हेच योग्य म्हटलं आहे. एका विषयाच्या तीन फेऱ्या असाव्यात: पहिल्यात प्रकरणवार मुख्य गोष्टी ढोबळपणे, दुसऱ्यात स्पष्टीकरण आणि मतभेद, तिसऱ्यात काहीही अडलेलं ठेवायचं नाही. पहिल्याच फेरीत खोल पाणी दाखवलं तर विद्यार्थी विषयच कठीण समजून सोडून देतो, असं तो म्हणतो. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात त्याने आखूड पुस्तकांवर कडक टीकाही केली आहे: शब्द इतके दाबून भरलेले की ते सोडवण्यातच विद्यार्थ्याचा वेळ जातो. अबू शुजा पाठ करताना मला दोन्ही मतं पटायची, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं.

तहारतचं प्रकरण पाठ झाल्यावर ते म्हणून दाखवायचं होतं. सुयूती आणि इब्न हजरच्या चरित्रांत जी नावांची रांग असते ती याच प्रसंगाची. कैरोचा कारकून-लेखक कलकशंदी (मृत्यू 1418) त्याची पद्धत सांगतो. मूल पुस्तक पाठ करतं, मग त्याला काळातल्या मोठ्या शेखांकडे नेतात. शेख पुस्तक हातात घेतो, मधूनच कुठेतरी उघडतो, एक वाक्य म्हणतो आणि पुढे म्हणायला सांगतो. मुलाने न अडखळता म्हटलं तर दुसरी जागा, तिसरी जागा. असं दोन-चार ठिकाणी नीट गेलं की संपूर्ण पुस्तक पाठ आहे असं धरतात आणि तसं लिहून देतात.

हे ऐकायला उदार वाटतं, पण परीक्षा कपटी आहे. सुरुवातीपासून म्हणताना आपण लयीवर जातो, एक वाक्य दुसऱ्याला ओढून आणतं. मधून सुरू केलं की आधार जातो. आणि अबू शुजासारख्या मोजणीच्या पुस्तकात सारख्या दिसणाऱ्या याद्या दहा आहेत. वजू मोडणाऱ्या गोष्टी, गुस्ल म्हणजे पूर्ण स्नान आवश्यक करणाऱ्या गोष्टी, तयम्मुम म्हणजे पाण्याऐवजी मातीने केलेली शुद्धी मोडणाऱ्या गोष्टी, सगळ्यांची सुरुवात सारखी. कच्चा विद्यार्थी एका यादीतून नकळत दुसरीत शिरतो आणि थांबत नाही, छान म्हणत राहतो. उस्तादांनी शाळकरी पोरांपैकी मोठ्याला नेमकं अशाच सांध्यावरून सुरू करायला सांगितलं. पोरगं शिरलं दुसऱ्या यादीत. उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त बोटं मोजत राहिले, आणि पाच म्हणायला हवे होते तिथे सातवं बोट दुमडलं तेव्हा पोराच्या लक्षात आलं.

दुसरी फेरी इब्न कासिम गझ्झीच्या (मृत्यू 1512) 'फत्ह-उल-करीब'ने झाली. ही अबू शुजावरचीच टीका, पण वेगळी बांधलेली: मूळ वाक्य कंसात, टीकाकाराचे शब्द त्याच्या मध्येमध्ये, दोन्ही मिळून एकच सलग वाक्य. मूळ पाठ नसेल तर कुठलं कोणाचं ते कळतच नाही. पहिल्या फेरीतल्या त्या सक्तीचं कारण इथे उघड झालं. टीका पाठ करायची नसते, वाचायची असते, आणि ती वाचताना मूळ आपल्या तोंडात तयार असावं लागतं.

उन्हाच्या पाण्याचा प्रश्न आता सुटला, म्हणजे निदान सुरू झाला. गझ्झी तीन अटी घालतो. प्रदेश उष्ण असावा. भांडं ठोकून घडवलेल्या धातूचं असावं, त्यातही सोनं-चांदी सोडून, कारण त्यांचं द्रव्य निर्मळ असतं. आणि पाणी गरम असतानाच वापरावं. थंड झालं की नापसंती संपली. कारण असं मानलं जायचं की तापलेल्या धातूतून काहीतरी पाण्यावर येतं आणि त्याने कोड उठतो. उस्तादांनी लगेच विचारलं, "तुझ्या घराच्या गच्चीवर काळी टाकी आहे ना? दुपारी तिचं पाणी?"

आमचा प्रदेश उष्ण, पाणी उन्हाने तापलेलं, पण टाकी प्लास्टिकची. अट मोडली. नापसंत नाही. शेजारच्या घरी लोखंडी पत्र्याची जुनी टाकी आहे, तिचं पाणी दुपारी नापसंत, रात्री नाही. असे प्रश्न उस्ताद रोज काढायचे आणि दुसरी फेरी पुरी झाल्याची खूणही त्यांनी हीच धरली होती: नवा प्रसंग समोर आला तर कोणती अट लागू होते आणि कोणती मोडते हे विद्यार्थी स्वतः सांगू शकतो का.

दोन कुल्ल्यांचा हिशेब त्याहून रंगला. जुन्या पुस्तकांत घनाच्या रूपातही तो दिला आहे: लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी सव्वा हात. हात साधारण 48 सेंटीमीटर धरला तर बाजू 60 सेंटीमीटर येते आणि पाणी 216 लिटर. वजनाच्या वाटेने गेलं तर गझ्झी नवावीचा हवाला देऊन सांगतो की बगदादी रत्ल म्हणजे 128 दिरहम आणि एका दिरहमाचे चार सप्तमांश. आता दिरहम किती ग्रॅमचा धरायचा यावर उत्तर हलतं, आणि बरेच जण 190 लिटरच्या आसपास येतात. आमच्या गावात घरोघरी पाणी भरायला 200 लिटरचं पिंप असतं. भरलेल्या पिंपात उंदीर पडला, रंग-वास काही बदललं नाही. पाणी शुद्ध की अशुद्ध? पहिल्या मापाने कमी, दुसऱ्या मापाने पुरेसं. आम्ही दोन-तीन सकाळी याच पिंपाभोवती होतो. 'अंदाजे' या शब्दाची किंमत तिथे कळली. दोनेक रत्ल कमी पडले तरी चालतात, पण 216 वरून 200 ही तूट दोन रत्लांत बसत नाही, ती कितीतरी मोठी आहे. उस्ताद सावध बाजूला राहिले: पाणी ओत, पिंप धू. पण मुलांना त्यांनी हेही सांगितलं की 190 चा हिशेब धरणाऱ्याला चूक म्हणायचं नाही.

तिसरी फेरी 'मिन्हाज'ची. आणि इथे नवावी हा माणूस स्वतः समोर येतो, म्हणून त्याच्या शिक्षणाची गोष्ट सांगतो. मदरशातला विद्यार्थी कसा पुढे सरकायचा याचं इतकं बारीक वर्णन दुसरं क्वचितच मिळतं. त्याच्या शिष्याने, इब्न अत्तारने, ते त्याच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवलं.

नवावी 1233 साली हौरानमधल्या नवा या गावात जन्मला. 1251 मध्ये बाप त्याला दमास्कसला घेऊन आला आणि तो रवाहिया मदरशात राहायला लागला. त्याचं खाणं म्हणजे मदरशाकडून मिळणारा शिधा. साधारण साडेचार महिन्यांत त्याने 'तंबीह' पाठ केलं आणि उरलेल्या वर्षात 'मुहज्जब'चा पाव भाग. शिक्षक होते कमालुद्दीन इसहाक मगरिबी. पोरगा कुणात मिसळत नाही, नुसता पुस्तकात असतो हे पाहून त्यांनी त्याला आपल्या बैठकीचा मुईद केलं. मग तो रोज शिक्षकांपुढे बारा धडे घेऊ लागला, टिपणांसकट. गझालींच्या 'वसीत'चे दोन, 'मुहज्जब'चा एक, हदीसमध्ये बुखारी-मुस्लिमच्या एकत्रित संकलनाचा एक आणि 'सहीह मुस्लिम'चा एक, व्याकरणात इब्न जिन्नीच्या 'लुमा'चा, शब्दशास्त्रात इब्न सिक्कीतच्या 'इस्लाह-उल-मन्तिक'चा, शिवाय धातुरूपं, फिक्हचे सिद्धांत, हदीस सांगणाऱ्यांची नावं, श्रद्धाशास्त्र. एका दिवसाच्या या यादीत अभ्यासक्रमाचे थर दिसतात. 'तंबीह' आता यादीत नाही, ते तोंडात गेलं. 'मुहज्जब' आणि 'वसीत' म्हणजे मधली आणि वरची फेरी. भाषेची तीन अंगं वेगवेगळ्या धड्यांत. मध्येच त्याला वैद्यक शिकावंसं वाटलं, त्याने इब्न सिनाचं 'कानून' विकत घेतलं, आणि मन इतकं काळवंडलं की काही करता येईना. शेवटी ते पुस्तक विकून टाकलं. वैद्यकावर हा अन्याय आहे असं मला वाटतं, पण बारा धड्यांवर तेरावा घेणाऱ्याचं मन काळवंडणारच.

हाच मुलगा पुढे दमास्कसच्या अश्रफिया दारुल-हदीसचा प्रमुख झाला आणि त्याने लिहिलेलं 'मिन्हाज' पुढच्या शतकांत मुलं पाठ करू लागली. 1277 मध्ये तो वारला तेव्हा पंचेचाळिशीही उलटली नव्हती.

'मिन्हाज'चं पहिलं काम प्रस्तावना समजून घेणं. नवावी तिथे आपली खुणेची भाषा सांगतो. 'अझहर' म्हटलं तर इमाम शाफईंचीच दोन मतं आहेत आणि डावललेलं मतही जोरदार आहे; 'मशहूर' म्हटलं तर डावललेलं दुबळं. 'असह' आणि 'सहीह' यांतही हाच फरक, पण तिथे मतं शाफईंची नसून त्यांच्या परंपरेतल्या विद्वानांची. म्हणजे अबू शुजातलं ते 'जास्त बरोबर मतानुसार', ज्याबद्दल पहिल्या फेरीत हात वर झाला होता, ते आता उघडलं: मतभेद विद्वानांचा, आणि दुसरी बाजू टाकाऊ नाही. 'मिन्हाज' वाचणं म्हणजे प्रत्येक निर्णयामागचा वाद एका शब्दावरून ओळखणं.

आणि मग उन्हाचं पाणी पुन्हा आलं. 'मिन्हाज'मध्ये नवावी सरळ लिहितो की ते नापसंत आहे. पण 'फत्ह-उल-करीब'मध्ये आम्ही वाचलं होतं की नवावीने अजिबात नापसंत नाही हे मत पत्करलं. एकाच माणसाची दोन मतं. मी आणि मुईद मुलगा यावर भांडलो. तो म्हणाला, गझ्झीने चुकून लिहिलं असेल. मी म्हणालो, नवावीने नंतर मत बदललं असेल. उस्तादांनी दोघांना गप्प बसवलं आणि 'मुहज्जब'वरच्या नवावीच्या टीकेचा, 'मज्मू'चा, खंड काढला. तिथे तो पुरावे तपासतो, कोडाबद्दलच्या कथनांना आधार नाही म्हणतो आणि नापसंती नाकारतो. मत बदललेलं नव्हतं. 'मिन्हाज'मध्ये तो मजहबचं मत नोंदवत होता, 'मज्मू'मध्ये स्वतःचं. मजहबचं मत काय हे सांगणं एक काम, पुरावा कुठे नेतो हे सांगणं दुसरं, आणि ज्याला दोन्ही वेगळी ठेवता येतात त्यालाच फतवा द्यायची इजाजत.

ती इजाजत हाच शेवटचा टप्पा. ती मदरसा देत नसे, माणूस देत असे. कलकशंदीला अलेक्झांड्रियात इब्न मुलक्किनने शाफई फिक्ह शिकवायची आणि फतवे द्यायची परवानगी दिली तेव्हा तो 21 वर्षांचा होता. मदरशात किती वर्षं राहायचं याला काही अर्थ नव्हता असं मात्र नाही, कारण शिधा आणि खोली वक्फच्या पैशांतून. इब्न खल्दून सांगतो, मोरोक्कोत ही मुदत सोळा वर्षं होती आणि ट्युनिसमध्ये पाच. सोळा वर्षांतही काही जणांच्या तोंडून चर्चेत शब्द फुटत नाही, कारण त्यांनी फक्त पाठ केलं, वाद घातला नाही, अशी त्याची तक्रार आहे. आमच्या किनाऱ्याच्या बाबतीत इब्न बतूताची एक नोंद आहे. 1340च्या दशकात त्याने मलबारमधल्या हीली इथल्या मशिदीत विद्यार्थी पाहिले, ज्यांना मशिदीच्या उत्पन्नातून ठराविक रक्कम मिळत होती. उस्तादांना ती वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, आम्हालाही जेवण घरोघरी वाटून दिलेलं असायचं, रक्कम नव्हती.

तहारतचं प्रकरण तिन्ही फेऱ्यांत संपल्यावर मी इजाजतीबद्दल विचारलं. उस्तादांनी अबू शुजाच्या माझ्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून दिलं की तहारतपासून तयम्मुमपर्यंत यांनी माझ्यापुढे शुद्ध करून पाठ म्हटलं आहे आणि एवढा भाग नवख्यांना शिकवू शकतात. फत्ह-उल-करीबबद्दल काही लिहिलं नाही. विचारलं तर म्हणाले, "पिंपाचा प्रश्न तू अजून माझ्याच शब्दांत सोडवतोस." 'मिन्हाज'ची प्रत त्यांनी परत घेतली, ती त्यांच्या मलबारच्या उस्तादांची होती. सध्या शुक्रवार सोडून रोज सकाळी मी त्या दोन शाळकरी पोरांकडून सात पाणी म्हणवून घेतो. धाकटा गारा विसरतो.